एका गेटला चार माणसं लागतात

प्रति,
मा. मुख्याधिकारी, नगरपंचायत, फुलंब्री,
आणि तालुक्यातल्या ज्या ज्या संस्थेच्या गेटवर रात्रंदिवस रक्षक असतो, तिथले सभापती, मुख्याध्यापक, व्यवस्थापक यांस



वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून नोकरी करून मी आता फुलंब्रीत घरी बसलो आहे. नोकरीभर महिनाअखेरीला माझं एक काम ठरलेलं असायचं, ते म्हणजे पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लावणं. कोण सकाळी, कोण दुपारी, कोण रात्री आणि कोणाचा ऑफ कधी. आता आमच्या गावात आणि आजूबाजूलाही चोवीस तास रक्षक लागणारी गेटं वाढत चालली आहेत. दवाखाना, गोदाम, पाण्याची टाकी, शाळेचं वसतिगृह, जिनिंग. त्यासाठी निविदा निघतात, एजन्सीशी करार होतात, आणि मागणीच्या कागदावर एक आकडा पडतो. पत्र त्या आकड्याबद्दल आहे. तुमच्या कार्यालयात आज कोण किती तास उभं राहतं, याची चौकशी मला करायची नाही. पुढचा कागद तयार होईल तेव्हा हे पत्र टेबलावर असावं, एवढ्याचसाठी लिहितो आहे.

तो आकडा बहुतेक वेळा तीन असतो. दिवसाचे तास चोवीस, पाळी आठ तासांची, म्हणजे रक्षक तीन. हा हिशेब इतका सरळ वाटतो की तो कोणी तपासत नाही. त्यात एकच गोष्ट राहून जाते. गेटला साप्ताहिक सुट्टी नसते, माणसाला असते.

आता हिशेब आठवड्याचा करून बघा. आठवड्यात एका गेटवर रोज तीन प्रमाणे एकवीस पाळ्या होतात. सहा दिवस काम आणि एक दिवस सुट्टी घेणारा रक्षक सहा पाळ्या करतो. तीन रक्षकांच्या अठरा झाल्या. उरल्या तीन. त्या तीन पाळ्यांना गेट मोकळं राहत नाही, कोणीतरी उभा असतोच. तो कोण असतो? ज्याची आठ तासांची ड्युटी नुकतीच संपली आहे तोच. आमच्या भाषेत याला ‘डबल मारणे’ म्हणतात. सकाळी सहाला आलेला माणूस रात्री दहाला सुटतो, किंवा दुपारी दोनला आलेला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला. आठवड्यातून तीनदा डबल हा काही अपवाद म्हणता येणार नाही. तीनच माणसं घेतलीत तेव्हाच तो चार्टमध्ये लिहिला गेला.

आता खर्च बघू, कारण चौथ्या माणसाचं नाव काढलं की आधी खर्चच पुढे येतो. आठवड्याच्या 48 तासांवर काम करून घेतलं तर जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. तीन जादा पाळ्या दुप्पट दराने म्हणजे सहा पाळ्यांचा पगार. सहा पाळ्यांचा पगार म्हणजे एका रक्षकाचा पूर्ण आठवड्याचा पगार. चौथा माणूस ठेवला तर नेमके तेवढेच पैसे जातात. वर पडतो तो फक्त त्याचा भविष्यनिर्वाह निधी, गणवेश, रजा असा किरकोळ बोजा. त्यामुळे तीन माणसांत गेट ‘स्वस्तात’ चालत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की डबल मारणाऱ्याला दुप्पट मिळत नाही. त्याला एकपट मिळतं, किंवा ‘पुढच्या महिन्यात सुट्टी घे’ असं सांगितलं जातं आणि पुढच्या महिन्यातही माणसं तीनच असतात.

एजन्सीच्या दरपत्रकात आणखी एक ओळ असते, ती जरूर शोधा. ‘रिलिव्हर चार्जेस’ किंवा ‘बदली रक्षक आकार’ या नावाने मूळ वेतनाच्या एक षष्ठांश, म्हणजे 16.67 टक्के रक्कम त्यात धरलेली असते. सहा दिवस काम करणाऱ्याच्या सातव्या दिवशी बदली उभा करायचा त्याचे हे पैसे. तीन रक्षकांचा एक षष्ठांश म्हणजे अर्धा रक्षक. म्हणजे बिल साडेतीन माणसांचं भरलं जातं आणि गेटवर तोंडं तीनच दिसतात. एजन्सी दर वेळी लबाडीच करते असं माझं म्हणणं नाही. अर्धा माणूस मिळत नाही, ही तिचीही अडचण असते. मोठ्या शहरात हा अर्धा माणूस दुसऱ्या गेटवर अर्धा वापरता येतो. दोन गेटं शेजारी असली तर सात जणांत साप्ताहिक सुट्ट्या बरोबर बसतात, सहा कायमचे आणि सातवा सहाही जणांच्या सुट्ट्या भरणारा. फुलंब्रीत एका संस्थेचं एकच गेट असतं, म्हणून तो अर्धा हवेत राहतो आणि त्याच्या वाटच्या पाळ्या डबलमध्ये जातात.

साप्ताहिक सुट्टीपुरते साडेतीन झाले. रजा अजून धरल्या नाहीत. वर्षाच्या पाळ्या 1095. रक्षकाच्या 365 दिवसांतून 52 साप्ताहिक सुट्ट्या वजा करा. मग महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 ची फूटपट्टी धरून सणांच्या 8, किरकोळ रजेचे 8 आणि वीस दिवस कामामागे एक या दराने अर्जित रजेचे साधारण 14 दिवस वजा करा. हाती 283 दिवस राहतात. चार माणसांचे 1132. गरज 1095 ची. म्हणजे वर्षाला 37 पाळ्या शिल्लक. आजारपण, लग्नकार्य, एखाद्याने नोकरी सोडली तर नवा येईपर्यंतचे दिवस, हे सगळं त्या 37 मध्ये भागवायचं. चौथा माणूस ठेवून चैन होते असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा एकदा बघावा. तिघांत हाच हिशेब केला तर 246 पाळ्यांची तूट येते.

साप्ताहिक सुट्टीचा इतिहास आपल्याकडे घरचाच आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आठवड्याचे तास 54 वरून 48 झाले ते 1946 च्या फॅक्टरी कायद्यातल्या दुरुस्तीने, बाबासाहेब आंबेडकर मजूर खातं सांभाळत होते तेव्हा. गिरणी रविवारी बंद करता येते, म्हणून सगळ्यांची सुट्टी एका दिवशी बसली. गेट बंद करता येत नाही, म्हणून रक्षकाची सुट्टी चार्टमध्येच जागा करून बसवावी लागते. नाहीतर ती मिळत नाही.

तर आता चार्ट. चार माणसं आहेत असं धरून मी एकच पद्धत सांगतो. पद्धती अनेक आहेत, पण एका गेटाला मला हीच पटलेली आहे. दोन दिवस पहिली पाळी, दोन दिवस दुसरी, दोन दिवस रात्रपाळी, दोन दिवस सुट्टी, आणि नवव्या दिवशी पुन्हा पहिली. चौघांना एकमेकांपासून दोन-दोन दिवस पुढेमागे सुरू करायचं.

| दिवस | 1 | 2 | 3 | 4 | 5 | 6 | 7 | 8 |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| अ | प | प | दु | दु | रा | रा | सु | सु |
| ब | सु | सु | प | प | दु | दु | रा | रा |
| क | रा | रा | सु | सु | प | प | दु | दु |
| ड | दु | दु | रा | रा | सु | सु | प | प |

कोणताही उभा रकाना बघा, त्यात एक ‘प’, एक ‘दु’, एक ‘रा’ आणि एक ‘सु’ सापडेल. गेट कधी मोकळं नाही आणि एका पाळीवर दोघं कधी नाहीत.

पाळ्यांच्या वेळा मी सहा, दोन, दहा अशा धरतो. कारखान्यांत बऱ्याच ठिकाणी सात, तीन, अकरा असतं, कारण कामगारांच्या बस त्या वेळेला जोडलेल्या असतात. इथे तशी बस नाही. रक्षक वडोद बाजारहून, आळंदहून, गणोरीहून स्वतःच्या दुचाकीवर येणार. रात्री अकराला सुटून घरी जाण्यापेक्षा दहाला सुटलेलं बरं. सकाळी सहाला हजर व्हायचं म्हणजे थंडीत अंधारात निघावं लागतं, हा तोटा आहे. पण तो आठ दिवसांतून दोनदाच येतो.

या चार्टमध्ये बघण्यासारखी गोष्ट म्हणजे पाळी बदलतानाचं अंतर. दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी दुपारी दोनला संपते आणि तिसऱ्या दिवशीची दुसरी पाळी दुपारी दोनला सुरू होते. मध्ये पूर्ण चोवीस तास. दुसरीतून रात्रपाळीत जातानाही चोवीस तास. शेवटची रात्रपाळी सातव्या दिवशी सकाळी सहाला संपते आणि पुढची ड्युटी नवव्या दिवशी सकाळी सहाला. अठ्ठेचाळीस तास सलग. हेच चाक उलटं फिरवलं, म्हणजे रात्रीतून दुसरीत आणि दुसरीतून पहिलीत आणलं, तर रात्रपाळी करून सकाळी सहाला सुटलेला त्याच दिवशी दुपारी दोनला हजर. आठ तासांत घरी जाणं, जेवण, झोप आणि परत येणं. चार्टवर दोन्ही सारखेच दिसतात, माणसं तेवढीच, तास तेवढेच. उलट्या चार्टवरचा माणूस मात्र दुसऱ्या आठवड्यापासून खुर्चीत पेंगायला लागतो. ज्या गेटवर ‘रक्षक झोपतात’ अशी तक्रार असते, तिथे रक्षक बदलण्याआधी चाक कोणत्या दिशेने फिरतंय ते बघा.

तासांचं गणितही नीट बसतं. चाक आठ दिवसांचं आणि आठवडा सातांचा, म्हणून सुट्टीचे दोन दिवस दर आठवड्याला एक-एक दिवस पुढे सरकतात. या आठवड्यात सोमवार-मंगळवार, पुढच्या वेळी मंगळवार-बुधवार. सोमवार ते रविवार असा आठवडा धरला, तर आठपैकी सहा आठवडे माणसाच्या पाच पाळ्या होतात, म्हणजे 40 तास, आणि उरलेल्या दोन आठवड्यांत सहा, म्हणजे 48. सरासरी 42. आठ आठवड्यांत प्रत्येकाला एकदा शनिवार-रविवार जोडून मिळतो. चार्ट वर्षभराचा आधीच काढता येतो, त्यामुळे पोळ्याला आणि पाडव्याला कोणाची कोणती पाळी हे जानेवारीतच भिंतीवर दिसतं. अदलाबदल करायची ती तेव्हाच ठरते.

चार्ट कागदावर बसवणं सोपं आहे. कस लागतो तो कोणी रजेवर गेलं की. तीस दिवसांत एखादा दिवस तरी कोणी येणार नाही, हे धरूनच चालावं. मग सुट्टीवर असलेल्याला बोलवायचं, हे उघड आहे. पण कोणत्या पाळीला बोलवायचं, इथे बहुतेक जण चुकतात. ज्या पाळीतला माणूस गैरहजर त्याच पाळीत सुट्टीवाल्याला टाकतात, आणि त्याची झोप जाते.

वरच्या चार्टमध्ये तिसरा दिवस घ्या. ब दोन दिवसांच्या सुट्टीवरून पहिल्या पाळीला यायचा होता, तो आला नाही. सुट्टीचा पहिला दिवस क चा आहे, पण क तर त्याच सकाळी सहाला रात्रपाळी संपवून निघालेला. त्याला पहिल्या पाळीत उभं केलं तर डबल झाला. म्हणून त्या दिवशी नियम असा की प्रत्येकाने कालचीच पाळी आज करायची. अ काल पहिलीत होता, आजही पहिलीत. ड काल दुसरीत, आजही दुसरीत. क काल रात्री होता, आज रात्री पुन्हा येईल, मध्ये सोळा तास झोपायला मिळाले. चौथ्या दिवशी ब परत आला की चाक जिथे असायला हवं तिथेच असतं, आणि क ला चौथ्या दिवशी सकाळी सहा ते पाचव्या दिवशी सकाळी सहा असे पूर्ण चोवीस तास मिळतात. त्या दिवशी ब ऐवजी अ रजेवर असता, तर ब ठरल्याप्रमाणे पहिलीत आणि फक्त ड व क यांनीच कालची पाळी धरायची. ड रजेवर असेल तर एकट्या क ने रात्र करायची.

सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी हे उलटं होतं. चौथा दिवस घ्या. क चा आज दुसरा सुट्टीचा दिवस, पण उद्या सकाळी सहाला त्याची पहिली पाळी आहे. त्याला आज रात्रपाळीला बोलावलं तर सकाळी सहाला डबल. दुसऱ्या पाळीला बोलावलं तर रात्री दहाला सुटून सकाळी सहाला परत. म्हणून दुसऱ्या दिवशी सुट्टीवाला फक्त पहिल्या पाळीलाच बोलवायचा आणि बाकीच्यांनी उद्याची पाळी आज करायची. समजा ड रात्रीला येणार नाही. मग क पहिलीत, ब दुसरीत, अ रात्री. ब ची पहिली काल दोनला संपली, आज दोनला दुसरी. अ ची दुसरी काल दहाला संपली, आज दहाला रात्र. कोणाच्याही दोन पाळ्यांत सोळा तासांपेक्षा कमी अंतर पडत नाही.

थोडक्यात, चार्टमधल्या विषम दिवशी कालची पाळी आणि सम दिवशी उद्याची. गेटच्या खोलीत हे दोन शब्द लिहून ठेवले की पर्यवेक्षकाला रात्री-बेरात्री फोन येत नाहीत. मात्र एक अट पाळायची. दोन सुट्ट्यांपैकी एकच घ्यायची, दुसरीला हात लावायचा नाही. बहुतेक आठवड्यांत मुळात 40 तासच भरत असल्याने एक जादा पाळी धरून 48 होतात, जादा मोबदल्याचा प्रश्न येत नाही. फक्त ज्याच्या दोन सुट्ट्या रविवार आणि सोमवारमध्ये विभागल्या गेल्यात, त्याला बोलावलं तर एका आठवड्यात 56 तास होतात आणि त्या आठवड्यात त्याला पूर्ण सुट्टीही उरत नाही. त्याला शक्यतो बोलवू नये. बोलावलंच तर वरचे आठ तास दुप्पट दराने द्यावेत आणि बुडालेली सुट्टी बदलून द्यावी.

आणि हे सगळं कळलेल्या रजेचं झालं. दुपारी दोनला माणूस आलाच नाही, फोन बंद, तर काय करायचं? तिथे एकच उपाय सर्वांत कमी वाईट आहे. पहिल्या पाळीवाल्याने संध्याकाळी सहापर्यंत थांबायचं आणि रात्रपाळीवाल्याने सहालाच यायचं. दोघांचे बारा-बारा तास होतात, पण सोळा कोणाचेच होत नाहीत. हा उपाय महिन्यात दोनदा वापरावा लागला तर गैरहजर राहणाऱ्याशी बोलायची वेळ आली असं समजा.

ही पद्धत सगळ्यांना आवडत नाही, हेही सांगतो. शेती असलेल्या रक्षकाला ठरलेला वार सुट्टीला हवा असतो. विहिरीवरच्या मोटारीला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते, आणि सरकती सुट्टी त्या वेळापत्रकाशी कधी जुळते, कधी नाही. अशांसाठी दुसरी रचना आहे. तिघांना ठरलेला वार सुट्टी, चौथा त्या तीन दिवशी त्यांच्या जागी, आणि उरलेले तीन दिवस तो दिवसपाळीला राखीव, गर्दीच्या वेळी आत रांगेला किंवा पार्किंगला. ज्या संस्थेत दिवसा दुसऱ्या माणसाला खरंच काम आहे, तिथे ही चांगली. पण चौथ्याची झोप त्यात वाऱ्यावर जाते. सोमवारी पहिली, बुधवारी दुसरी, शुक्रवारी रात्र. तो टिकत नाही, सोडून जातो, आणि संस्था पुन्हा तीनवर येते. काही रक्षक आठवडाभर एकच पाळी मागतात. सलग सहा रात्री करून सातव्या दिवशी लग्नाला जाणाऱ्या तरुणाला ते चालतं, पन्नाशीतल्या माणसाला चालत नाही. आणि गेटवर पन्नाशीतलीच माणसं जास्त असतात.

चार माणसांनीही न सुटणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक, जेवण. पाळीत अर्धा तास विश्रांती हा हक्क आहे, पण गेटवर एकटा असलेला माणूस उठून जाणार कसा? कार्यालयाच्या वेळेत शिपायाने त्याची जागा घ्यायची, हे लेखी ठरवलं पाहिजे, नाहीतर रक्षक डबा मांडीवर ठेवून एका हाताने गेट उघडतो. दोन, चार्ज देण्याघेण्याची वेळ. नव्याने येणाऱ्याने पंधरा मिनिटं आधी यावं, किल्ल्या मोजाव्यात, रजिस्टर बघावं, हे बरोबर आहे. पण सहा पाळ्यांच्या आठवड्यात ती पंधरा मिनिटं दीड तास होतात आणि 48 चे साडेएकोणपन्नास. ती वेळ मस्टरवर धरायला हवी.

करार झाल्यावर चार माणसं खरंच येतात का, हे कळायला गेटवर पहारा द्यावा लागत नाही. मस्टर आणि चार्ज रजिस्टर शेजारी ठेवा. रजिस्टरमध्ये ‘चार्ज दिला’ आणि ‘चार्ज घेतला’ अशा दोन सह्या असतात. दोन्हींत एकाच हाताचं वळण दिसलं तर त्या दिवशी चार्ज कोणी घेतलाच नाही, तोच माणूस पुढे उभा राहिला. मग रात्रीच्या नोंदी बघा. जागा असलेला माणूस वाहन येईल तसं लिहितो, 1.47, 2.10, 4.35. सोळाव्या तासाला खुर्चीत झोपलेला सकाळी उठून लिहितो, आणि त्याच्या वेळा 2.00, 3.00, 4.00 अशा गोल पडतात, एकाच पेनाने, एकाच दाबाने. वाळूजला एका गेटवर केबल चोरीला गेली, त्या रात्रीच्या पानावर अशीच सुबक नोंद होती, ‘3.00 — सर्व ठीक’. त्या रक्षकाने आदल्या सकाळी सहाला पहिल्या पाळीची सही केलेली होती. कंपनीने त्याला काढलं. चार्ट तसाच राहिला.

म्हणून मागणीपत्रात किंवा निविदेत ‘सुरक्षा रक्षक : 3 नग’ असं लिहू नका. (रक्षकांना नग म्हणणारे कागद मी पाहिले आहेत.) त्याऐवजी असं लिहा: एक गेट, चोवीस तास, वर्षाचे सर्व दिवस, आठ तासांची पाळी; त्यासाठी किमान चार रक्षक नावानिशी; एकाच व्यक्तीला सलग दोन पाळ्या दिल्यास त्या पाळीचं देयक मिळणार नाही; पुढच्या महिन्याचा चार्ट 25 तारखेपर्यंत गेटच्या खोलीत लावला जाईल आणि त्याची प्रत कार्यालयात राहील. ‘बदली रक्षक आकार’ वेगळा लावला असेल तर चौथा माणूस घेतल्यावर तो वजा करून घ्या, नाहीतर त्याच सुट्टीचे पैसे दोनदा जातील. राज्याच्या 1981 च्या सुरक्षा रक्षक कायद्याखालील मंडळाकडून रक्षक घेतलेत तरी मागणी चारचीच करा. मंडळ तुम्ही मागाल तेवढेच देणार.

आणि तालुक्यातल्या दोन संस्थांची गेटं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतील, तर दोघांनी मिळून आठ रक्षक मागता येतील का, ते बघा. वर्षाच्या रजा धरून दोन गेटांना 7.74 माणसं लागतात. आठ म्हणजे जवळजवळ नेमके. एकत्र चार्टमध्ये रोज दोघं सुट्टीवर असतात. एका गेटचं चाक दुसऱ्यापेक्षा एक दिवस मागे ठेवलं तर त्यातला एक पहिल्या सुट्टीवर आणि दुसरा दुसऱ्या सुट्टीवर येतो, आणि सकाळच्या व रात्रीच्या अशा दोन्ही गैरहजेरींना रोज कोणीतरी झोप झालेला माणूस हाताशी असतो. असा चार्ट कोणाला हवा असेल तर मी लावून देईन, पैसे नकोत. फक्त रक्षकांची गावं आणि कोणाकडे दुचाकी नाही एवढं आधी कळवा, कारण ज्याच्याकडे गाडी नाही त्याला दहाच्या पाळीला सोडायला कोण जाणार, हे चार्ट लावायच्या आधी ठरवावं लागतं.

आपला,
एक निवृत्त सुरक्षा पर्यवेक्षक, फुलंब्री